सुपरवायझरचं कुलूप

झेंडूचा भाव पडला की आई फुलं घरी परत आणत नसे. परतीचं भाडं कोण देणार? पंचवटीतल्या बाजारात उरलेली फुलं ती देवळांच्या पायऱ्यांशी बसणाऱ्या बायकांना वाटून टाकायची आणि रिकामी टोपली डोक्यावर घेऊन यायची. वडील मी सातवीत असतानाच गेले. तेव्हापासून वावर, बाजार आणि घर ही तिन्ही तिच्याच डोक्यावर होती. चुलते म्हणायचे, "पोरीला कशाला शिकवती? फुलं तोडायला कालेज लागतं का?" आई मात्र पहाटे माझ्याकडून फुलं तोडून घ्यायची आणि एसटीच्या वेळेला म्हणायची, "पळ आता."

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी संगणकशास्त्राला प्रवेश घेतला तेव्हा संगणक जवळून पाहिलेलासुद्धा नव्हता. हे मी लपवत नाही. मार्कांवर मिळाला होता प्रवेश, कुणाच्या चिठ्ठीवर नाही.

शेवटच्या वर्षी प्रकल्प आला. नाशिकहून सुटणाऱ्या एसट्यांचं वेळापत्रक शोधून देणारा प्रोग्रॅम मी करायला घेतला होता, कारण एसटीनंच माझा जीव नकोसा केला होता. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर दोघी. प्रॅक्टिकल संपून मशीन मोकळं व्हायची वेळ आणि आमच्या गावाच्या शेवटच्या गाडीची वेळ एकच. बाकीच्या मुली घरी जाऊन काम करायच्या, त्यांच्या घरी कॉम्प्युटर होते. माझा प्रोग्रॅम अर्धाच. प्रकल्प बघणाऱ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "चालता प्रोग्रॅम दाखवला नाहीस तर वर्ष जाईल." आणखी एक वर्ष आई मला शिकवू शकली नसती. तेही स्पष्टच होतं.

आईनं गाय विकली. मला विचारलं नाही. मी घरी आले तर गोठ्यात नुसतं दावं खुंटीला टांगलेलं. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, आपलं आपण सोडून ठेवतो. त्या दाव्याकडे बघून मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "बघत काय बसली? उद्या ते मशीन घेऊन ये."

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एक दुकान होतं. कंपन्या जुने लॅपटॉप एकगठ्ठा काढून टाकायच्या, ते हा माणूस आणून विकायचा. मी घेतला तो काळा, चौकोनी, ऑफिसातला. सीडीचा कप्पा नसलेला, म्हणून स्वस्त. डिस्क कंपनीनं पुसून दिलेली. दुकानदार म्हणाला, "ताई, मशीन लोखंड आहे लोखंड. सिस्टीम तेवढी तुम्ही टाकून घ्या." मला चाललं. लॅबमधली लिनक्स ही फुकटची सिस्टीमच मला हवी होती, आणि ती पेन ड्राइव्हवरून टाकता येतं हे मला ठाऊक होतं.

घरी आणल्यावर आईनं मशीनला हळदकुंकू लावलं. मग उलटं करून बघितलं. खाली एक पांढरं स्टिकर होतं, त्यावर कंपनीचं नाव आणि नंबर. जुन्या बाजारातून भांडं आणलं की त्यावरचं आधीच्या घराचं नाव आई घासून काढते, मगच ते चुलीवर चढतं. मी हातपाय धुऊन येईपर्यंत तिनं सुरीच्या टोकानं ते स्टिकर खरवडून काढलं होतं. "आता आपलं झालं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून पेन ड्राइव्ह तयार करून आणला, लावला, मशीन चालू केलं. मशीननं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही, एवढंच पडद्यावर लिहून थांबलं. मी सेटअपमध्ये गेले, म्हणजे सिस्टीमच्याही आधी मशीनच्या आत जी पाटी असते तिथं. तर तिनं कुलपाचं चित्र काढलं आणि सुपरवायझरचा पासवर्ड मागितला. काही न लिहिता एंटर दाबलं तर आत जाऊ देई, पण सगळं फिकट, राखाडी. बघा, हात लावू नका. यूएसबीवरून सुरू होणं बंद करून ठेवलेलं मला दिसत होतं, आणि ते बदलता येत नव्हतं. ऑफिसातल्या माणसांनी बाहेरून काही आणून मशीन चालवू नये म्हणून कंपनीनं केलेली सोय. मशीन विकताना ती काढायची राहून गेली होती.

मी लॅपटॉप घेऊन द्वारकेला गेले. दुकानदार हसला. "एवढंच ना? आतला बटणाएवढा सेल काढा, जरा वेळ ठेवा, परत लावा. पासवर्ड उडून जातो."

"आणि नाही उडाला तर?"

"मग शेजारी आपला एक मित्र आहे. चिप उचकटून वाचतो तो. सगळं खोलतो."

हे शेवटचं वाक्य मी घरी आईला सांगितलं, आणि तिचा चेहराच बदलला. "मंजी कुलूप तोडणारा? बाई, हे चोरीचं तर नाय ना?"

"दुकानातून घेतलंय, आई."

"दुकानात काय चोरीचं विकत नाय का? गाय देऊन चोरीचा माल घरात आणला आसं झालं तर तुझे चुलते मला गावात राहू देतील का?"

मी पावती शोधून काढली. दुकानदारानं हातानं लिहिलेला एक कागदाचा तुकडा दिला होता, त्यावर मशीनचा नंबरही नव्हता.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आधी सेलाचा विषय बंद केला. "डेस्कटॉपमध्ये चालतं ते. या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढला तरी तो जात नाही. जाते ती तारीख. मग मशीन म्हणतं, सेटअपमध्ये येऊन तारीख लाव, आणि दारातच पासवर्ड मागतं. आता निदान सुरू तरी होतंय, मग तेही होणार नाही." उगाच अंदाजानं पासवर्ड टाकत बसू नकोस, असंही म्हणाल्या.

"मग काय करू?"

"हार्ड डिस्कला कुलूप नाही. ती काढून तशाच दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घालायची, तिथं लिनक्स टाकायचं आणि परत आणून बसवायची. मालकी तुझी असेल तर यात गैर काही नाही. पण तसा लॅपटॉप इथं कोणाकडे नाही. बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन कर."

केला. ते म्हणाले, पासवर्ड आम्ही काढत नाही, बिल दाखवा आणि मदरबोर्ड बदलून घ्या. बोर्डाची किंमत लॅपटॉपहून जास्त होती.

"तर मग ज्यांनी कुलूप लावलं त्यांच्याकडे जा," मॅडम म्हणाल्या. "पण पक्कं बिल घेऊन जा. त्यावर सीरियल नंबर पाहिजे."

पक्कं बिल द्यायला दुकानदार का कू करू लागला. मी त्याच्या काउंटरपाशी उभी राहिले. गिऱ्हाइकं येत होती, आणि प्रत्येकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी विचारत होते, "दादा, याचं बिल का देत नाही तुम्ही?" दिलं. मशिनांचा हा लॉट सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्या कारखान्यातून उचलला तेही सांगितलं.

आई म्हणाली, "म्या येते." मी नको म्हटलं, ती टोपली घेऊन चढलीच गाडीत. कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमननं आम्हाला खालून वर बघितलं. "फुलं द्यायची असतील तर मागच्या गेटनं." मी म्हटलं, "कॉम्प्युटर बघतात त्या साहेबांना भेटायचंय." त्यानं फोन लावला, आणि बऱ्याच वेळानं एक तरुण माणूस गळ्यात ओळखपत्र घालून फाटकापाशीच आला. मशीन उलटं केलं आणि त्याचा आवाज कडक झाला.

"आमचं स्टिकर कुठंय? कोणी काढलं?"

मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. "म्या काढलं. सुरीनं."

"का?"

"दुसऱ्याच्या नावाचं भांडं आम्ही चुलीवर ठेवत नाय."

त्यानं खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "मावशी, त्या स्टिकरशिवाय हे आमचं विकलेलं मशीन आहे की पळवलेलं, ते मला कसं कळणार?"

आईचा चेहरा पडला. आपणच पुरावा खरवडला हे तिला तेव्हा कळलं. तिनं पदर तोंडाला लावला. मला तिचं ते बघवेना. मी बॅटरी काढली. तिच्या खाली मशीन बनवणाऱ्यांचा सीरियल नंबर होता, सुरी तिथवर पोचली नव्हती. बिल शेजारी धरलं. "साहेब, हा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतोय. तुम्ही विकलेल्या मशिनांत हा आहे की नाही, एवढं बघा. नसेल तर मशीन इथंच ठेवून जाते."

 गाय गेली होती, वर्ष जाणार होतं. पण चोरीचं असतं तर मी ते खरंच ठेवून आले असते.

तो आत गेला. आई दगडावर बसली. 

परत आला तेव्हा चालण्यातला ताठा गेला होता. "विकलेलंच आहे. पासवर्ड काढायला हवा होता आम्ही, राहिलाय."

"मग द्या सांगून," आई म्हणाली.

"सांगता येणार नाही, मावशी. आमच्या सगळ्या मशिनांना तोच आहे. मीच काढतो."

आईला आता जोर आला होता. "आम्ही गाय विकली तर दावं सोडून घेतो, साहेब. तुम्ही विकलं नि दावं तसंच गळ्यात ठेवलं. आमच्या पोरीला चोर ठरवलं आस्तं की तुमच्या दाव्यानं."

तो हसला नाही. "चुकलं," एवढंच म्हणाला. वॉचमनच्या टेबलावर मशीन ठेवून त्यानं आम्हाला पाठ फिरवायला सांगितलं. आईनं तर डोळेही मिटले. तिच्यासाठी ते कुणाच्या घरातल्या तिजोरीसारखंच होतं. कळा वाजल्या. मग त्यानं मला बोलावलं आणि नव्या पासवर्डाच्या जागा मोकळ्या सोडून सेव्ह करताना दाखवलं. मशीन पुन्हा सुरू केलं. या वेळी सेटअपनं काहीही मागितलं नाही, आणि राखाडी अक्षरं ठळक झाली होती. यूएसबीची ओळ मी माझ्या हातानं चालू करून वर सरकवली. पेन ड्राइव्ह पिशवीतच होता. फाटकावरच लावला. लिनक्सचा पडदा उजळला तेव्हा वॉचमनही वाकून बघत होता.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

"मंग चल. नाशिकची गाडी चुकंल."

प्रोग्रॅम मी त्या मशीनवर, आमच्या घरात, आईच्या टोपल्यांच्या शेजारी बसून पुरा केला. तोंडी परीक्षेला परीक्षकांनी आमच्याच गावची शेवटची एसटी विचारली आणि प्रोग्रॅमनं ती बरोबर सांगितली. निकालात मी पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे, आणि ती ज्या मशीनवर मिळवली ते आमच्या मालकीचं होतं.