सगळ्या गोळ्या एका दमात

पूरक गोळ्यांचा काही उपयोग नसतो अशी बातमी वाचून एका आजोबांनी वर्तमानपत्रातल्या आहारतज्ज्ञ बाईंना लिहिलं, "सगळ्या बंद करतोय." खाली सहज जोडलं होतं, जठर काढून टाकलंय. उत्तर छापून येईपर्यंत बाईंना दम निघेना. त्यांनी फोनच लावला.

"काका, सगळ्यांना एकाच काठीनं हाकू नका. डॉक्टरांनी दिलेल्या चालू ठेवा. ऐकीव सल्ल्यानं घेतलेल्या त्यांना दाखवू, मग एकेक कमी करू. बी-बारा जीवनसत्त्व तर मुळीच बंद करू नका, जठराशिवाय ते जेवणातून अंगी लागत नाही."

"त्याची इंजेक्शनं कधीच सोडली. मागंही अशीच बातमी आली होती ना!"

बाईंनी लगेच विचारलं, "पायांना मुंग्या येतात?"

"येतात की. वय झालं, बाई."

"वय नाही, काका. बी-बारा कमी पडलं की नसा अशाच बिघडतात. आजच डॉक्टरांकडे जा. आणि घरात कुणी असेल तर त्यांना फोन द्या, मी त्यांनाही सांगते."