पन्नास रुपयांचं लगेज

रिटायर झालेल्या कंडक्टरला अख्खी गल्ली मागून ‘सुट्टे’ म्हणायची. तेहतीस वर्षं ते एकच वाक्य बोलले होते, “सुट्टे द्या.” कुणाकडे नसले की तिकिटाच्या पाठीवर पेनाने उरलेली रक्कम लिहायची आणि पुढं सरकायचं. उतरायच्या घाईत निम्मे लोक ती मागायचे विसरत, हा काही त्यांचा दोष नव्हे.

बायको घरी शिवणकाम करायची. पायमशीन मारून मारून तिचे गुडघे बोलायला लागले होते. म्हणून मशीनला लावायची मोटर फोनवरून ऑनलाइन मागवली. पैसे आधी भरायला सुट्टेंनी साफ नकार दिला. “माल हातात आल्याशिवाय दमडी देणार नाही.”

मोटर आली. डिलिव्हरीवाला हेल्मेटमधूनच म्हणाला, “काका, अठराशे एकोणपन्नास.”

सुट्टेंनी चष्मा लावून खोक्यावरच्या पाकिटातलं बिल काढून वाचलं. सतराशे नव्व्याण्णव! डोळे चमकले. रिटायर झाल्यापासून इतका आनंद त्यांना झाला नव्हता.

“पन्नास कुणाचे रे? तुझे की तुझ्या सासऱ्याचे?”

“माझ्या मोबाइलवर हीच रक्कम आहे, बघा.”

“मोबाइलवर काय, मीही लिहीन! बिलाप्रमाणे घे.”

“मला कमी घेता येत नाहीत. ‘नाकारलं’ अशी नोंद टाकतो. पार्सल परत जाईल.”

“टाक! तेहतीस वर्षं मी चोर ओळखत आलोय.”

आतून पायमशीनची खडखड थांबली. बायको गुडघ्यावर हात ठेवत दारात आली. “अहो, त्याला चोर ठरवण्याआधी आपली ऑर्डर तर उघडा. मोटर परत गेली तर उद्यापासून मशीन तुम्ही मारायची.”

सुट्टेंनी फोन उघडला. वस्तू, सतराशे नव्व्याण्णव. त्याखाली बारीक अक्षरात, घरपोच रोखीचा आकार, पन्नास. एकूण, अठराशे एकोणपन्नास. खाली त्यांनी स्वतः ‘मान्य’ केल्याची तारीख.

“आधी भरले असते तर हे लागलेच नसते,” बायको म्हणाली. “आणि प्रवासी पोत्याच्या लगेजच्या पैशांवरून भांडायचे, तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?”

“तिकीट वेगळं, लगेज वेगळं,” सुट्टे पुटपुटले.

“मग?”

त्यांनी पाचशेच्या चार नोटा काढल्या. डिलिव्हरीवाल्याने खिसे चाचपले, दीडशे परत दिले. “एक रुपया सुट्टा नाही हो, काका.”

सुट्टेंनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढं धरलं.

“बिलाच्या पाठीवर लिही. मी विसरणार नाही.”

बायकोने खोकं उचललं. “अहो, इतकी वर्षं लोक विसरले म्हणून तर आपलं बरं चाललं. आत या, मोटर बसवा.”