गावातून आलेलं काम

घरी सगळे म्हणतात, मला नीटनेटकेपणाचं वेड आहे. तसं काही नाही. माझ्या खोलीत येऊन बघा, खुर्चीवर कपड्यांचा ढीग असतो. पण कुणी सरळ प्रश्न विचारला आणि समोरचा ‘बरंच झालं की’ असं गुळमुळीत बोलला, की माझं डोकं फिरतं. किती झालं, कुणाचं झालं, कुठून आलं होतं, एवढं तरी सांगता यायला पाहिजे.

धाराशिवमध्ये आमचं ऑफिस खताच्या दुकानावर दोन खोल्यांत होतं. कंपनी पुण्याची. जनावरांच्या सरकारी दवाखान्यांसाठी आम्ही एक ॲप बनवत होतो: जनावराची नोंदणी, लसीकरण, पुढच्या लसीचा संदेश मालकाच्या मोबाइलवर, असं सगळं. इथं आम्ही दोघंच, दोघंही करारावर. मी येरमाळ्याहून एसटीनं यायची आणि निम्मे दिवस दवाखान्यांत बसून असायची. डॉक्टर टॅबवर कुठं अडतात ते बघायचं, त्याचं टास्क, म्हणजे करायच्या कामाची नोंद, ऑनलाइन यादीत लिहायचं, दुरुस्त झाल्यावर तपासायचं. दुसऱ्याला मी दादा म्हणायची. तो कोड लिहायचा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तेरखेड्याचा. त्यानंच मला या कामावर आणलं होतं. माझे वडील पोस्टात होते, त्यांच्यासमोर येऊन तो म्हणाला होता, “काका, पोरगी लई हुशार हाय, तिला घरी बसवू नका.” तेव्हापासून तो घरचाच.

मी आले तेव्हा टास्कांचा नुसता उकिरडा होता. पुण्यातून विचारायचे, लसीकरणाचं काय चाललंय, आणि आम्ही दोघं अर्धा दिवस यादी वर-खाली करत बसायचो. लेबलं होती, पण ज्याला जे सुचेल ते त्यानं चिकटवलेलं. ‘तातडीचं’ हे लेबल तर इतक्या टास्कांवर होतं की त्यावर फिल्टर लावला तर सगळी यादी जशीच्या तशी पुढ्यात यायची. कुणीतरी ‘लसीकरण’ नावाचं एपिक, म्हणजे बऱ्याच टास्कांचं मिळून एक मोठं खातं, उघडून ठेवलं होतं आणि ते कधी बंदच होत नव्हतं. होणार कसं? लसीकरण काय संपतं होय?

मग मी आठवडाभर बसून नियम लिहिले. ॲपचा जो भाग, तो कंपोनंट: नोंदणी, लसीकरण, संदेश, ऑफलाइन. हे भाग ॲप आहे तोवर राहणार. एपिक म्हणजे हातात घेतलेलं मोठं काम, ज्याला शेवट आहे. उदाहरणार्थ, ‘नेटवर्क नसताना नोंद हरवू नये’. ते झालं की एपिक बंद. एका टास्कला एपिक एकच. आणि लेबल फक्त अशा गोष्टीसाठी, जी या दोन्हींत बसत नाही आणि सगळीकडे आडवी जाते. आमच्याकडे तशी मोजून पाच लेबलं ठेवली. त्यातलं माझ्या जिवाचं लेबल म्हणजे ‘गावातून’. जे टास्क दवाखान्यात बसल्यामुळे कळलं, ते संदेशाचं असो की नोंदणीचं, त्यावर हे लेबल लागणार. म्हणजे एपिक, स्थिती आणि लेबल असे तीन फिल्टर लावले की एका झटक्यात कळेल: या मोठ्या कामातलं जे पूर्ण झालं, त्यातलं गावात गेल्यामुळे किती सापडलं.

दादा आधी हसला. “तुला शिपायाच्या जागी घ्यायला पायजे हुतं, फायली लावायला,” म्हणाला. पण महिन्याभरात पुण्याच्या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर जायला लागलं, तेव्हा तोच सगळ्यांना सांगत फिरला की आमच्या पोरीनं केलंय. मला काय आनंद झाला होता! जुन्या दीडशे टास्कांची लेबलं बदलायची होती, तर एकेक उघडत बसायला नको म्हणून यादीतली सगळी एकदम निवडून एकदम कशी बदलायची, हेही मीच त्याला शेजारी बसवून दाखवलं.

ऑफलाइनचं एपिक सगळ्यात अवघड होतं. येडशीच्या बाजूला डोंगराकडेला नेटवर्क जातं-येतं. तिथल्या नोंदींत एकाच म्हशीला एकाच दिवशी दोनदा लस दिल्याचं दिसायचं. पुण्याचं म्हणणं, डॉक्टर दोनदा बटण दाबतात. मी तीन दिवस तिथल्या दवाखान्यात बसले. डॉक्टर एकदाच दाबत होते. नोंद पोचायची, पण ‘पोचली’ हा निरोप परत यायच्या आत नेटवर्क जायचं, आणि मग टॅब तीच नोंद नवी म्हणून पुन्हा पाठवायचा. मी ते वेळेसकट लिहिलं. दादानं दुरुस्त केलं. असं करत करत त्या एपिकमध्ये गावातून आलेली सत्तरएक टास्कं झाली, आणि झाली म्हणजे पूर्ण झाली; गावातून आलेली बाकीची तीसएक अजून हातात होती.

मग पुण्याहून निरोप आला. धाराशिवात दोन करार ठेवता येणार नाहीत. एक जागा कायम होईल, एक बंद. कुणाची, ते कामाचा आढावा बघून ठरेल. माझ्यापुरता प्रश्न सरळ होता: दवाखान्यांत जाऊन बसण्याचा काही उपयोग झाला की नाही. झाला हे दिसलं, तर माझी जागा राहणार होती.

दादा त्या दिवशी चहा पिता पिता म्हणाला, “माझं काय, म्या पुण्यात कुठंबी लागंन. तुझंच व्हायला पायजे.” आणि मग म्हणाला, “रिपोर्ट म्या काढतो. तुझं काम तूच दाखवलंस की बरं दिसत न्हाय.” मला तो मनाचा मोठेपणा वाटला. घरी येऊन आईला सांगितलंसुद्धा, की असा माणूस बघायला मिळत नाही.

आढावा स्क्रीनवर होता. पुण्याच्या मॅडमनी दादाचा डॅशबोर्ड उघडला. पहिला चौकोन, ऑफलाइनचं एपिक: सगळी टास्कं पूर्ण. त्यात ‘गावातून’ लेबलाची: एकही नाही. दुसरा चौकोन, ‘गावातून’ लेबलाची सगळी टास्कं: तीसएक, आणि सगळीच्या सगळी अपूर्ण. मॅडम मला म्हणाल्या, “गावातून तक्रारी येतात हे दिसतंय, पण त्यातून पूर्ण झालेलं काही दिसत नाही.” मी म्हणाले, “मॅडम, असं नाहीये.” दादाकडे बघितलं. तो वहीत काहीतरी लिहीत होता. तो म्हणेल, थांबा, फिल्टर चुकलाय. मी खरंच वाट बघत होते. त्यानं पान उलटलं.

मला वाटलं, माझाच नियम कुठंतरी फसला. मीटिंग संपल्यावर येडशीच्या म्हशीचं टास्क उघडलं. लेबलाची जागा रिकामी. मग खाली इतिहास उघडला. प्रत्येक टास्कचा इतिहास असतो, कुणी, केव्हा, काय बदललं त्याचा. तिथं लिहिलं होतं: लेबल, आधी ‘गावातून’, नंतर काही नाही. आढाव्याच्या आदल्या दिवशीची दुपार. नाव दादाचं. दुसरं टास्क उघडलं, तेच. तिसरं, तेच. फक्त पूर्ण झालेल्यांवरून काढलं होतं, अपूर्ण तशीच ठेवली होती. टास्कमध्ये बदल झाला की ते लिहिणाऱ्याला मेल जातो; पण एकदम बदल करताना मेल पाठवायची खूण काढता येते, ती त्यानं काढली असणार, कारण मला एकही मेल आला नव्हता. राग नंतर आला. आधी लाज वाटली, आईला जे सांगितलं होतं त्याची.

संध्याकाळी तो जिन्यात भेटला. मी मोबाइलवर इतिहास काढून त्याच्यापुढं धरला.

“हे तू केलंस?”

त्यानं बघितलं आणि नजर वळवली. “एपिक माझं हाय. कोड म्या लिवला. तुझं लेबल असलं काय, नसलं काय.”

“मग काढलंस कशाला?”

तो हळू आवाजात म्हणाला, “बायकोचं दुसरं बाळंतपण हाय, तुला ठावं हाय. पुण्यात कोण घेतंय मला आता? तू शिकलेली हायेस, तुझ्यामागं कुणी न्हाय. तुला मिळंल कुठंबी.”

“हे मला सांगितलं असतंस तर?”

“तर तू दिली असतीस व्हय जागा?”

याचं उत्तर मला आजही माहीत नाही. कदाचित दिली नसती. भांडले असते, रडले असते. पण उघड भांडले असते, आणि तोही उघड भांडला असता. त्यानं मला ती संधीच दिली नाही. माझ्याच घरी चहा पिणारा माणूस माझं काम माझ्यापासून काढून घेतो आणि वर माझ्याच भल्याचं बोलतो, हे मला गिळता येईना. अजूनही येत नाही.

मी पुण्याला लिहिलं, टास्कांच्या इतिहासाच्या स्क्रीनशॉटसकट. चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाज चांगला होता त्यांचा. म्हणाल्या, नोंद तुमची बरोबर आहे, दादांना तशी समज दिलीय, पण त्यांना कायम केल्याचं पत्र निघून गेलंय. कोड सांभाळणारा माणूस तर लागणारच. “तुमची लेबलांची पद्धत मात्र आम्ही सगळ्या जिल्ह्यांत लावतोय,” असंही म्हणाल्या. जणू ती माझी बढतीच होती.

करार संपायला तीन आठवडे होते. त्यात मी ती सत्तरएक टास्कं एकेक उघडून ‘गावातून’ परत लावलं. एकदम लावता आलं असतं, लावलं नाही. प्रत्येक वाचलं. कुठल्या दवाखान्यात कुठल्या बाकावर बसून लिहिलं होतं ते आठवत गेलं. आणि इतिहासात प्रत्येक ठिकाणी दादानं लेबल काढल्याची वेळ दिसत गेली. सगळीकडे एकच मिनिट. वरच्या चौकोनात एक खूण केली की सगळी निवडली जातात. त्यानं यातलं एकही उघडून बघितलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. एकेक वाचत काढलं असतं, तर निदान एखाद्या ठिकाणी तरी त्याचा हात थांबला असता, असं मला उगीच वाटत राहिलं.

शेवटच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. पुण्यानं त्याला बाकीच्या जिल्ह्यांना शिकवायला सांगितलं होतं. “तेवढं फिल्टरचं परत एकदा दाखव की,” म्हणाला, नेहमीसारखंच, खुर्ची ओढत.

“सगळं लिहून ठेवलंय,” मी म्हणाले. “तुम्ही वाचून घ्या.”

तो खुर्ची धरून तसाच उभा राहिला. मी पिशवी उचलली आणि येरमाळ्याची गाडी धरायला खाली उतरले.