सातव्या ओळीचे फोटो

निमगावच्या आमच्या डाळिंबबागेत कुठल्या ओळीत तेल्या रोग कधी आला, हे सल्लागार माझ्या फोनमधल्या पानांच्या फोटोंवरून सांगतात. तीन वर्षांच्या फोटोंनी १२८ जीबीचा फोन भरला, तेव्हा नवा घ्यायला बारामतीला गेले. वहीत लिहून नेलं होतं: १२८चाच, वर मेमरी कार्ड. २५६चा फोन घेणाऱ्या धाकट्या जावेला मी महिनाभर उधळी म्हटलं होतं, आणि ती शेजारीच उभी होती.

"ताई, १२८ घ्या की २५६, दोन्हींत कार्डाला जागाच नाही," दुकानदार म्हणाला. "बाकी फोन एकच, फरक मेमरीचा."

"घ्या की मोठा, आक्का," जाऊ हसली. "वहीत खाडाखोड केली म्हणून कोण धरतंय तुमाला?"

मी १२८चाच घेतला. जुना फोन बदल्यात दिला, आणि त्याआधी नव्यात मावेनात तेवढे फोटो पुसले.

परवा सल्लागारांनी सातव्या ओळीचे मागच्या पावसाळ्यातले फोटो मागितले. ते पुसलेल्यांत होते. जाऊ समोरच भाजी निवडत होती, म्हणून मी फोन नुसता चाळत राहिले.

"सापडंना व्हय?" तिनं विचारलं.

"सापडतील," मी म्हणाले.