कोरे रकाने

धंतोलीतल्या एका दवाखान्यासाठी मी टॅबवर पेशंटची नोंदणी करायचं ॲप बनवलं. आठवड्याभरात रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन आला. "भाऊ, लिहिलेलं आपोआप पुसून राहिलं. मी काहीच नाही दाबलं."

मला ते पटलं नाही. माझ्या फोनवर सगळं नीट चालत होतं. बाई मागे जायचं बटण दाबतात आणि कबूल करत नाहीत, असं मी धरूनच चाललो. त्यांना पकडायला मी ॲपमध्ये गुपचूप प्रत्येक बटणाची नोंद ठेवली. नोंदीत बटण एकही नव्हतं, फक्त स्क्रीन बंद होऊन लगेच नव्याने उघडलेली. मग मला नोंदीचाच संशय आला.

शेवटी काउंटरपाशी जाऊन उभा राहिलो. बाईंनी टॅब उभा धरून नाव-पत्ता लिहिला आणि नरखेडहून आलेल्या एका आजोबांना पत्ता एका ओळीत वाचता यावा म्हणून आडवा करून दाखवला. रकाने कोरे.

टॅब फिरला की अँड्रॉइड जुनी स्क्रीन मोडून नवी बांधतं. रकान्याला ठरलेला आयडी, म्हणजे कोडमधलं ओळखीचं नाव, असेल तर त्यातला मजकूर ते स्वतःच परत भरतं. मी रकाने कोडमधून बनवले होते आणि आयडी दिलेच नव्हते. तिथेच बसून ते दिले. टॅब फिरवला, मजकूर जागेवर राहिला.

"तुमच्या फोनवर काहून नाही झालं?" बाईंनी विचारलं.

लोळून वाचता यावं म्हणून मी फोनची स्क्रीन फिरणं कधीचंच बंद केलं होतं. तेवढं सांगितलं.

"म्हणजे टॅबवर चालवून पाहिलंच नाही," म्हणत त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बटणांच्या नोंदीबद्दल त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.