पन्नास खुर्च्यांच्या हिशेबात मी

माझा धाकटा भाऊ मनानं सोन्यासारखा आहे, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून लोक त्याला नावं ठेवतील, आणि त्याला नावं ठेवायचा हक्क फक्त माझा आहे. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो आमच्या गावी, कारंज्यात, घरी बसून करायचा, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. कंपनी माणसं कमी करू लागली, तसा त्याच्या जिवाला घोर लागला. नोकरी जायच्या आत गावातच काहीतरी उभं करायचं, असं त्याच्या मनानं घेतलं. म्हणून अभ्यासिका.

अभ्यासिका म्हणजे काय ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. एक हॉल, त्यात लाकडी आडोसे घातलेली छोटी छोटी टेबलं, गार हवा, इंटरनेट आणि शांतता. भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी खेड्यापाड्यातली पोरं महिन्याची फी भरून तिथे दिवसभर बसतात. घरी अभ्यास होत नाही. घरी कोणी ना कोणी हाक मारतंच.

हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण मीही परीक्षेचीच तयारी करत होते. लग्न मोडून माहेरी आले त्याला बरीच वर्षं झाली होती. शिकवण्या घेऊन माझा खर्च मी भागवायचे आणि उरलेल्या वेळात पुस्तक उघडायचे. दोनदा थोडक्यात हुकले होते. परीक्षेला वयाची अट असते, आणि पुढच्या वर्षी मी ती ओलांडणार होते. म्हणजे माझ्याकडे एकच संधी उरली होती. घरात सगळ्यांना हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि ध्यानात असणं वेगळं.

भावानं बाजाराकडच्या रस्त्यावर एक हॉल पाहून ठेवला होता. खाली बाबांच्या जुन्या ओळखीच्या चाचांचं हार्डवेअरचं दुकान आणि वर हॉल, वर्षभर रिकामा पडलेला. भाव करायला म्हणून तो मलाही घेऊन गेला. चाचांनी चहा मागवला, आणि भावानं काउंटरवर खिळ्यांच्या डब्यांमध्ये लॅपटॉप उघडून आपला आराखडा दाखवायला सुरुवात केली.

आराखडा देखणा होता, खोटं कशाला बोलू. खुर्च्या पन्नास. महिन्याचा खर्च असा: भाडं पंधरा हजार, लाईट बिल साडेसहा, इंटरनेट एक, झाडझूड अडीच, पिण्याचं पाणी आणि वर्तमानपत्रं दोन, फर्निचरचा हप्ता तीन. एकूण तीस हजार. फी साडेसातशे, म्हणजे गावातल्या दुसऱ्या अभ्यासिकांपेक्षा पन्नासनं कमी.

"चाळीस खुर्च्या भरल्या का खर्च निघाला," भाऊ म्हणाला. "वरच्या दहा म्हंजे आपला नफा. साडेसात हजार."

चाचांनी मान डोलावली. मग सहज विचारलं, "सकाळी सहा ते रात्री दहा उघडं ठेवतो म्हनता. तुमची तं दिवसा नोकरी हाये. मंग बसनार कोन?"

"ताई हाये ना," भाऊ म्हणाला.

इतक्या सहज म्हणाला, की तो मला विचारून आला आहे असंच कोणालाही वाटलं असतं. दुसऱ्याच्या दुकानात तमाशा नको म्हणून मी चहा पीत राहिले, पण डोकं असं तापलं की चाचा भाड्याबद्दल पुढे काय बोलले ते माझ्या कानात शिरलं नाही.

घरी आल्यावर मात्र सोडलं नाही.

"तुया त्या कागदात मी कुठी हाये, दाखव बरं मले," मी म्हटलं.

त्याला कळेचना. "तू कायले पायजे कागदात? तू तं घरचीच हायेस."

"म्हनूनच इचारून राह्यली. झाडनारी बाई हाये त्यात. पान्याचे जार हायेत. मी नाई."

बाबा बाजेवर बसले होते. त्यांना हे भांडण खुळचटपणाचंच वाटलं. "घरच्या मानसाचा पगार कोनी लिहते काय वो?" ते म्हणाले. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे शेतीचा हिशेब असाच होतो. बियाणं लिहितात, खत लिहितात, रोजानं आलेल्या बायांची मजुरी लिहितात. घरची बाई दिवसभर त्याच बायांच्या रांगेत वाकून निंदण करते, पण तिचा रोज कोणी लिहीत नाही. मग हंगामाच्या शेवटी म्हणायचं, यंदा फायदा झाला. भाऊ कॉम्प्युटर शिकला, पण हिशेब त्यानं बाबांचाच उचलला होता.

"आठ हजार लिही," मी म्हटलं. "दिवसभर बसनाऱ्या मानसाचे. मी बसीन नाईतर दुसरं कोनी, ते मंग पाहू. लिही तं खरं."

त्यानं लिहिले. खर्च अडतीस हजार झाला. त्याला साडेसातशेनं भागलं तर एक्कावन्न खुर्च्या आल्या. हॉलमध्ये होत्या पन्नास. म्हणजे हॉल खच्चून भरला, एकही खुर्ची रिकामी राहिली नाही, तरी दर महिन्याला पाचशे रुपये खिशातून घालायचे.

भावाचा चेहरा उतरला. लहानपणी पतंग कापला गेला की व्हायचा, अगदी तसा. माझा राग कुठल्या कुठे गेला. इतक्या महिन्यांचा त्याचा आधार मी एका आकड्यानं काढून घेतला होता. जाऊ दे, बसते मी, हे शब्द ओठांपर्यंत आले. देवाशपथ आले होते.

तेवढ्यात आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. आई हिशेबाच्या भानगडीत कधी पडत नाही. पीठ मळता मळता ती हळूच म्हणाली, "तुले बसाचं नाई ना, मंग नाईच म्हन. त्याची कीव करून होकार देशीन, आन् मंग जलमभर त्याच्यावर चिडशीन."

मी पुन्हा बाहेर गेले नाही. रडू येत होतं, ते कणकेच्या परातीजवळ बसून रडून घेतलं.

भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "तू अभ्यास करतं ना, मंग सांग. कोन किती टाइम बसते?"

हे मात्र मला विचारण्यासारखं होतं. मी सांगितलं, खेड्यावरून येणाऱ्या पोरी सकाळी येतात आणि दुपारची एसटी धरतात. दुकानात कामाला जाणारी पोरं दुपारनंतरच मोकळी होतात. अशा कोणाला पूर्ण दिवसाची फी परवडत नाही, आणि त्यांची खुर्ची अर्धा दिवस रिकामीच राहते. मग आम्ही दोघांनी मिळून नव्यानं मांडलं. तीस खुर्च्या पूर्ण दिवसाच्या, फी सगळ्यांसारखी आठशे. उरलेल्या वीस खुर्च्या दोन पाळ्यांत, दर पाळीला पाचशे. सकाळी दहाच्या आधी आणि सातनंतर भाऊ स्वतः बसणार, मधल्या वेळेला पगारी माणूस. चाचांनी पहिल्या वर्षापुरतं भाडं बारा हजारांवर आणलं. रिकाम्या हॉलचं त्यांना काहीच मिळत नव्हतं, आणि आमच्यावर त्यांचा जीवही होता. खर्च पस्तीस हजारांवर आला. चोवीस पूर्ण दिवसाच्या आणि बत्तीस पाळीच्या जागा भरल्या की तो निघत होता. म्हणजे शेकडा ऐंशी जागा.

"आन् बाराही महिने ऐंशी धरू नको," मी म्हटलं. "सोयाबीन काढाले पोट्टे गावाकडं जातात. दिवाळी होईपर्यंत येत नाईत. हिवाळ्यात जे वरचं येईन, ते त्या महिन्यांसाठी बाजूले ठेव."

"तू लयच हुशार झाली बाप्पा," तो म्हणाला. समेट झाला, हे मला त्यातच कळलं.

अभ्यासिका सुरू झाली तेव्हा शिकवणीच्या पैशातले आठशे मी त्याच्या टेबलावर ठेवले. तो असा दुखावला की विचारू नका. "सख्ख्या बहिनीकून फी घेऊ काय?" म्हणाला. मी म्हटलं, "घे. फुकट बसनाऱ्याले कोनीबी कवाबी उठवते. मले उठाचं नाई." त्यानं पैसे घेतले, पण चार दिवस तोंड वाकडं करून फिरला. मी खिडकीजवळची खुर्ची धरली. तिथे मला कोणी पोळ्या टाकायला हाक मारत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात माझं एवढं वाचून झालं की घरी ते दोन महिन्यांत झालं नसतं.

सोयाबीनच्या दिवसांत व्हायचं तेच झालं. निम्म्या खुर्च्या ओस पडल्या. धंदा नवा होता, बाजूला ठेवायला अजून काही साठलंच नव्हतं, म्हणून दोन महिने भावानं आपल्या पगारातून भर घातली. तो वाळला. मला दिसत होतं, पण मी खुर्चीवरून उठले नाही.

मग थंडी पडली, भरतीच्या जाहिराती निघाल्या आणि हॉल भरला. माझी परीक्षा महिन्यावर आली होती. अशातच एका सकाळी खेड्यावरून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. भाऊ टेबलाशी होता आणि मी जवळच, म्हणून सगळं ऐकू येत होतं. मुलाला पूर्ण दिवसाची जागा हवी होती. बाप तीन महिन्यांचे पैसे एकदम द्यायला तयार होता, नोटा हातातच होत्या.

भावानं सगळा हॉल नजरेनं फिरून पाहिला. त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली.

दोन महिने त्यानं कसे काढले ते मला ठाऊक होतं. पोराचा चेहराही गरीब होता. माझ्या हातांनी आपोआप पुस्तक मिटलं, पेनाला टोपण लावलं, आणि मी खुर्चीतून अर्धी उठलेसुद्धा. कोणी काही म्हटलं नव्हतं. जन्मभराची सवय, दुसरं काय.

भावानं मान हलवली. तळहातानं मला खाली बस अशी खूण केली. मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाला, "काका, जागा नाई. समद्या भरल्या हायेत. पुढच्या महिन्यात या."

ते जिना उतरून गेले. भाऊ खाली मान घालून काहीतरी लिहीत बसला, माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मी पुस्तक उघडलं. बराच वेळ मला एक अक्षर दिसत नव्हतं, पण मी बसून राहिले.