थेंब पातळ झाला

ओतूरच्या बाजारपेठेत माझी छोटी लॅब आहे. रक्त, लघवी, थुंकी तपासायची आणि संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा. पंचवीस वर्षं झाली. लोक मला डॉक्टर म्हणतात, मी त्यांना दरवेळी 'मी डॉक्टर नाही' म्हणून सांगतो, आणि मनातून सुखावतो. हा माझा स्वभाव. आज जे सांगणार आहे ते त्याच स्वभावाचं फळ आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकलं.

माझ्या लॅबसमोर मोहनलाल शेठचं किराणा दुकान. राजस्थानातून आजोबा आले, आता घरात मारवाडी फक्त भांडताना बोलतात, एरवी आमच्यासारखंच. शेठना वीस वर्षांची शुगर, चार वर्षांपासून इन्सुलिन. मुलगा पीयूष पुण्यात. दुकान आणि शेठ, दोन्ही सांभाळणारी एकच, त्यांची बायको पानबाई.

पानबाईंसारखी काटेकोर बाई मी पाहिली नाही. पाणी गाळल्याशिवाय घशाखाली जायचं नाही. सूर्य मावळला की चूल बंद, पाणीही बंद. दारात जैन साध्वीजी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, आल्या की भाकरी अशा हातानं वाढायची की हातावर कच्च्या, म्हणजे न उकळलेल्या, पाण्याचा थेंबही नको, कारण पाण्यात जीव असतो. ओल्या हाताचं अन्न साध्वीजी घेत नाहीत. एकदा पुण्याहून आलेल्या सूनबाईचा हात ओला राहिला तर साध्वीजी पातरं मागे घेऊन गेल्या आणि पानबाई दिवसभर जेवल्या नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. दिसायचंच की समोरून.

सुरुवातीला शेठची शुगर मी तपासायचो. सकाळी दुकानात जायचो, स्पिरिटचा बोळा बोटावर फिरवायचो, सुई टोचायचो. पानबाई तोंड फिरवायच्या.

"रामदासभाऊ, ती दारूच ना? आमच्याकडे तिचा थेंबसुदिक येत न्हाई."

"काकू, प्यायची न्हाई हो, लावायचीय," मी हसायचो.

एकदा मशीन तीनशे ऐंशी दाखवायला लागलं. तीन दिवस तेच. जुन्नरच्या डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं आणि दुसऱ्याच दिवशी शेठ गल्ल्यावर घाम फुटून कोसळले. शुगर उतरली होती. साखरपाणी पाजून उठवलं. मग मी बसून विचार केला आणि माझ्याच डोक्यात उजेड पडला. शेठ सकाळी दुकान उघडून पहिलं काम करायचे ते गुळाची ढेप फोडायचं. बोटांना गूळ चिकटलेला. स्पिरिट जंतू मारतं, पण बोटावरचा गूळ काही नीट काढत नाही, फक्त पसरवतं. त्या गुळातून रक्ताचा थेंब वर आला की मशीन रक्ताची नव्हे, गुळाचीच साखर मोजतं.

मी त्यांचा हात साबणानं धुतला, तपासलं. एकशे अठ्ठेचाळीस. केवढा आनंद झाला मला! आख्ख्या बाजाराला सांगितलं. पानबाईंना तर हुकूमच सोडला.

"काकू, आजपासून स्पिरिट बंद. साबण आणि पाणी, बस्स."

"खरं सांगता? दारू नकोच?" त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं मी त्यांना चारधाम घडवलं.

त्या दिवशी शेठचं बोट धुतल्यावर मी ते माझ्या रुमालानं पुसलं होतं. अगदी कोरडं. सवयीनं, न बघता. तेव्हा पानबाई आत साबणाचा डबा ठेवायला गेल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं नाही आणि मी ते बोललो नाही. धुवा म्हणालो, पुसा म्हणायचं राहिलं. एवढंच. माझ्या लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलींना मी शंभरदा सांगितलंय, धुतल्यावर कोरडं करा, ओल्या बोटावर थेंब घेऊ नका. पानबाईंना सांगितलं नाही. हुशार बाई, त्यांना काय सांगायचं, असं वाटलं असेल. की शाबासकीच्या भरात विसरलो? अजून ठरवता येत नाही.

मग पीयूषनं घरी मशीन आणून दिलं आणि तपासणी पानबाईंनी हातात घेतली. सकाळ-संध्याकाळ. लोटीतलं गाळलेलं पाणी, साबण, शेठचं बोट. धुतलं की लगेच टोचायचं. पंच्यानं पुसायचं नाही, कारण पंचा अंगाला लागलेला, त्यानं पुसलं की धुतलेलं वाया गेलं, असा त्यांचा हिशेब. स्वच्छतेवर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढा माझ्यावर.

आकडे सुंदर येऊ लागले. एकशे दहा. पंचाण्णव. एकशे चार. पानबाई वही घेऊन लॅबमध्ये यायच्या आणि मला दाखवायच्या. एकदा म्हणाल्या, "रामदासभाऊ, थेंब आता लगेच पसरतो, गुलाबी दिसतो. आधी मण्यासारखा उभा ऱ्हायचा."

मी सुईची पेटी शोधत होतो. मान वर न करता म्हणालो, "रक्त पातळ झालं असंल, काकू. चांगलंच हाय."

या एका वाक्यासाठी मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. गुलाबी थेंब म्हणजे पाणी मिसळलेला थेंब, हे पहिल्या वर्षीच्या पोरालाही कळतं. बोटाच्या रेषांत, नखाच्या कडेला पाणी राहतं. त्यात रक्त उतरलं की पसरतं, साखर विरळ होते, आणि मशीनची पट्टी जे ओढून घेते त्यात निम्मं पाणी असलं तरी पट्टीला काय कळणार? ती मुकाट आकडा देते. दोनशे चाळीसची शुगर एकशे दहा होऊन बाहेर येते. बाई बिचारी खूश. आणि मी तिला सांगतोय, चांगलंच हाय.

जुन्नरच्या डॉक्टरांनी वही पाहून इन्सुलिन कमी केलं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करा म्हणाले होते, ती माझ्याच लॅबमध्ये व्हायची. शेठ म्हणाले, "रोज दोनदा मोजतोय, आनिक कशाला?" मीही आग्रह धरला नाही. एकदा मशीननं अडुसष्ट दाखवलं तेव्हा पानबाईंनी घाबरून शेठना खडीसाखरेचं पाणी पाजलं. त्या दिवशी खरी शुगर किती असेल, याचा विचार मी आता करतो आणि पुढे करवत नाही.

शेठ रोज सकाळी देरासरला, म्हणजे त्यांच्या मंदिरात, अनवाणी जायचे. चातुर्मासानंतर साध्वीजींचा विहार, म्हणजे पायी प्रवास, ओतूरहून आणे गावाकडे निघाला. शेठ पठारापर्यंत त्यांच्यासोबत अनवाणी चालत गेले. पायाला कुठंतरी खडा रुतला. शुगरच्या माणसाच्या तळव्याला वेदना कुठे कळते? चार दिवसांनी चादरीला पू लागलेला दिसला. पानबाईंनी हळद लावली, मग डॉक्टरांकडे नेलं. मशीन रोज सांगत होतं, सगळं ठीक. जखम काही ऐकेना.

पीयूषनं पुण्याला नेलं. आधी दोन बोटं गेली. मग घोट्याच्या वर. मग गुडघ्याखालून पाय गेला.

महिनाभरानं शेठना घरी आणलं त्या संध्याकाळी पानबाई एकट्या माझ्याकडे आल्या. दुकान बंद होतं. त्या बाकावर बसल्या, आणि मी विचारण्याआधीच बोलल्या.

"पुण्याच्या दवाखान्यात नर्सबाई व्हती एक. तिनं यांचं बोट धुतलं आणि कापसानं पुसलं. घासून घासून कोरडं केलं. मी म्हनलं, बाई, धुतल्यावर पुसता कशाला? ती म्हनली, आजी, पानी ऱ्हायलं तर शुगर खोटी येती, कमी दिसती. मग तपासलं. तीनशे चाळीस आली."

मी हातातला रिपोर्ट खाली ठेवला.

"मी तिला इचारलं, आनि रोज ओल्या बोटानं घेतली तर? ती हसली. म्हनली, मग त्या मशीनचा काय उपेग, आजी." पानबाईंनी पदर सारखा केला. "दोन वर्सं मी ओल्या बोटानं घेतली, रामदासभाऊ. एक दिवस चुकवला न्हाई."

"काकू, चूक माझी. मी सांगायला पायजे व्हतं."

"तुमी सांगितलं असतं तर मी पुसलं असतं," त्या म्हणाल्या. रागानं नाही. रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. "पन मला तरी कळायला नको? साध्वीजींना वाढताना जलम गेला माझा, हात कोरडा हाय का बघन्यात. तिथं एक थेंब चालत न्हाई मला. आनि घरच्या मानसाला..."

मी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. सूर्य मावळून गेला होता.

जाताना दारात थांबल्या. "यांना सांगू नका. मशीन आता माझ्या हातानं व्हत न्हाई. तुमी येत जा."

तेव्हापासून मी रोज सकाळी जातो. शेठ खाटेवर बसलेले असतात, एका मांडीखाली उशी. भेटायला माणसं येतात, ओतूरची, जुन्नरची, लांबच्या नात्यातली. प्रत्येकाला शेठ सांगतात, नशिबात होतं, पण आमच्या बायकोनं कधी हयगय केली नाही, दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ शुगर मोजली. "इचारा रामदासभाऊंना." आणि मी मान हलवतो. खोटं काहीच नसतं त्यात. पानबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत उभ्या असतात, पाहुण्यांना दिसत नाहीत, मला दिसतात.

वाटलं होतं काळ गेला की बरं वाटेल. वाटत नाही. दुसऱ्या पायाच्या अंगठ्यालाही आता काळपट डाग आला आहे, आणि तो मी आणि डॉक्टर सोडून अजून कोणाला ठाऊक नाही. शुगर आता खरी कळते, औषध बरोबर दिलं जातं. फार उशिरा बरोबर दिलं जातंय.

आज सकाळी मी शेठचं बोट साबणानं धुतलं. मग स्वच्छ कापसानं पुसलं, बोटाच्या कडा, नखाजवळची घडी, पुन्हा एकदा सगळं. दोन मिनिटं गेली असतील. शेठ कंटाळले. लहान पोरासारखा हात मागे ओढत आतल्या खोलीकडे बघून मोठ्यांदा म्हणाले,

"किती पुसता राव! पानबाईचं बरं व्हतं. धुतलं की लगेच टोचायची. तिच्या हातानं कधी येळ लागला न्हाई."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. मी बोट धरून ठेवलं, आणि थेंब उभा राहायची वाट पाहिली.